गॅसचा पाइप फुटला तर किती लांब जायचे? नाशिकच्या रस्तेखोदाईतला न विचारलेला प्रश्न

सिंहस्थ जवळ आला की नाशिकचे रस्ते खोदले जातात, हे काही नवे नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान, असे वेळापत्रक ठरलेले आहे आणि सगळ्या खात्यांच्या कामांची मुदत त्याला बांधलेली आहे. नवी गोष्ट जमिनीखाली आहे. मागच्या सिंहस्थात, म्हणजे २०१५ मध्ये, नाशिकच्या गल्ल्यांखाली पाणी, मलनिस्सारण, वीज आणि टेलिफोन एवढेच होते. २०१८ मध्ये केंद्रीय नियामक मंडळाने नाशिक-धुळे भागातील घरगुती गॅस वितरणाचे काम महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडला दिले. त्यानंतर कॉलन्यांमधून आणि मुख्य रस्त्यांच्या कडेने गॅसचे पाइप पसरत गेले. म्हणजे या वेळी जेसीबीची बकेट जिथे पडते, तिथे खाली गॅस असू शकतो.

पाइप फुटल्याची बातमी आली की तिचा साचा ठरलेला असतो. ‘जेसीबीच्या धक्क्याने गॅसवाहिनी फुटली, परिसरात घबराट, अग्निशमन दलाच्या तत्परतेने अनर्थ टळला.’ अनर्थ नेमका कशाने टळला आणि पुढच्या वेळी तो कशाने होईल, हे त्या बातमीत नसते. नागरिकांना ‘सुरक्षित अंतरावर’ नेले असे लिहिलेले असते, पण ते अंतर किती होते हे कुणी लिहीत नाही. आम्हाला त्या अंतराबद्दलच बोलायचे आहे. त्या अंतराच्या आत सर्वात आधी खड्ड्यात उतरलेला मजूर असतो आणि त्यानंतर रस्त्याला लागून असलेली वस्ती असते.

आधी मुंबईचे ताजे उदाहरण बघू. ९ मार्च २०२५ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, अंधेरी पूर्वेतील शेर-ए-पंजाब परिसरात महानगर गॅसच्या वाहिनीतून गळती होऊन आग लागली. तिथे रस्त्याचे काम चालू होते आणि बाहेरच्या यंत्रणेच्या खोदकामामुळे वाहिनीला इजा झाली, असे कंपनीने सांगितले. रस्त्यावरून जाणारे तिघे भाजले, वाहने जळाली. ही माणसे खोदकाम करणारी नव्हती आणि त्या सोसायटीत राहणारीही नव्हती, ती फक्त तिथून जात होती. रस्ता दोन्ही बाजूंनी अडवण्याला किती महत्त्व आहे, ते यावरून कळते.

शहरातल्या गॅसच्या जाळ्यात सर्व पाइप सारखे नसतात, आणि अंतराचा सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. मोठ्या रस्त्यांच्या कडेने पोलादी मुख्य वाहिनी जाते. तिच्यातला दाब साधारण २० बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. तिथून दाब उतरवून गॅस प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिइथिलिनच्या, पिवळ्या किंवा नारिंगी पाइपांत सोडतात. या पाइपांत दाब जास्तीत जास्त ४ बार असतो. इमारतीपाशी तो आणखी उतरवतात आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत पोहोचतो तो गॅस अगदी मंद दाबाचा, बारच्या पन्नासाव्या भागाइतका. जेसीबीच्या तावडीत बहुतेक वेळा सापडतो तो मधला, ४ बारचा प्लास्टिकचा पाइप. तो वरच्या थरात असतो, गल्लीगल्लीत असतो आणि बकेटच्या दाताला अजिबात दाद देत नाही.

हा पाइप टाकताना त्याच्यावर साधारण १ मीटर माती असावी, असा शिरस्ता आहे. पाइपाच्या वर सुमारे ३० सेंटीमीटरवर पिवळी इशारापट्टी अंथरतात. खोदताना आधी ती पट्टी वर यावी आणि चालकाने हात आवरावा, हा त्यामागचा विचार. जमिनीवर ठरावीक अंतराने पिवळे खांब किंवा फरशीत बसवलेल्या पट्ट्या असतात, त्यांवर कंपनीचे नाव आणि तातडीचा नंबर असतो. कागदावर ही व्यवस्था पक्की आहे. रस्त्यावर तिचे काय होते ते बघा.

पहिले म्हणजे, खांब पाइपाच्या अगदी डोक्यावर असतोच असे नाही. तो बाजूला, भिंतीलगत उभा केलेला असतो, आणि दोन खांबांमध्ये पाइप सरळ गेला आहे की मधल्या झाडाला किंवा चेंबरला वळसा घालून गेला आहे, हे त्या खांबावरून कळत नाही. दुसरे, १ मीटरची खोली ही पाइप टाकला त्या दिवसाची असते. नंतर रस्ता खरवडला, उतार बदलला, फूटपाथ खाली घेतला, की तीच खोली अर्ध्यावर येऊ शकते. तिसरे, मागच्या वर्षी कुणी केबलसाठी खोदून पुन्हा बुजवले असेल, तर इशारापट्टी तेव्हाच फाटून ढिगाऱ्यात गेलेली असते. आणि चौथी गोष्ट ठेकेदारांनाही पुष्कळदा माहीत नसते: प्लास्टिकचा पाइप धातूशोधक यंत्राला दिसत नाही. त्याच्यासोबत तांब्याची शोधतार टाकलेली असेल आणि ती अखंड असेल, तरच त्याचा माग लागतो. त्यामुळे ‘मशीन फिरवली, खाली काही नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवून बकेट टाकणे म्हणजे जुगार आहे.

खरी खात्री एकाच गोष्टीने होते, आणि ती म्हणजे हाताने खोदलेला तपासणी खड्डा. कंपनीच्या माणसाने नकाशा घेऊन जागेवर यायचे, रंगाने रेषा मारायची, मग त्या रेषेवर आडवा खड्डा फावड्याने घेऊन पाइप डोळ्यांनी बघायचा. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत खुणेच्या दोन्ही बाजूंना ४५ ते ६० सेंटीमीटरचा पट्टा हाताने किंवा तितक्याच जपून खोदावा, असा नियम आहे. आपल्याकडेही जाणते सुपरवायझर हेच करतात. पण हाताने खोदायला वेळ लागतो, जेसीबीचे भाडे मात्र तासावर चालू असते. मुदत जवळ आली की पहिला बळी तपासणी खड्ड्याचा जातो.

केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी नोंद करायची, त्या भागात ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना निरोप जायचा, अशी ही सोय. सोय चांगली आहे, पण तिचा जन्म कुठून झाला ते बघितले पाहिजे. देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा फायबर केबल तुटते आणि त्यात ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा सरकारचाच आकडा तेव्हा दिला गेला. इंटरनेट तुटल्याचे नुकसान मोजले गेले, म्हणून उपाय आला. खड्ड्यात उतरणाऱ्या मजुराच्या बाजूने असा हिशेब मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. महापालिकेने रस्ताखोदाईची प्रत्येक परवानगी देताना या अ‍ॅपवरची नोंद आणि गॅस कंपनीच्या माणसाची जागेवरची सही मागितली, तर त्याला फार खर्च येणार नाही.

आता मुख्य प्रश्न. पाइप फुटलाच, तर किती लांब जायचे?

अमेरिकेतील अग्निशमन दलांना पाइपलाइनच्या प्रशिक्षणात एक आडाखा शिकवतात. पाइपाचा व्यास इंचांत घ्यायचा, दाबाचे वर्गमूळ काढायचे, दोन्हींचा गुणाकार करून त्याला सव्वादोनच्या आसपासच्या आकड्याने गुणायचे. दाब तिकडच्या मापात, पौंड प्रति चौरस इंचात, धरला की उत्तर फुटांत येते. गॅसने पेट घेतला तर उघड्यावरच्या माणसाला उष्णतेने इजा होऊ नये, यासाठी हे अंतर. आपल्या पाइपांना ते लावून पाहू. २० बारच्या आसपासची १२ इंची पोलादी वाहिनी असेल, तर अंतर सुमारे १४० मीटर येते. ४ बारचा, १२५ मिलिमीटरचा प्लास्टिक पाइप असेल, तर सुमारे २६ मीटर. आणि त्याच दाबाचा एक इंची पाइप, जो मुख्य पाइपापासून एखाद्या इमारतीकडे जातो, त्याला अंतर येते फक्त ५ मीटर.

पाच मीटर हे उत्तर ऐकून कुणालाही वाटेल की एक इंची पाइप म्हणजे किरकोळ बाब आहे. इथेच फसगत होते, आणि ती कशी होते हे अमेरिकेतल्याच एका जुन्या दुर्घटनेत स्पष्ट दिसले.

मिनेसोटा राज्यातील सेंट क्लाउड शहरात ११ डिसेंबर १९९८ रोजी सकाळी अकराच्या सुमारास केबल कंपनीच्या ठेकेदाराची माणसे फूटपाथमध्ये खांबाचा ताण धरणारा लोखंडी नांगर जमिनीत बसवत होती. तिथे बकेट नव्हती, पण प्रकार तोच: जमिनीत घुसणारे लोखंड आणि खाली गॅस. नांगर खाली एका दगडाला अडला. त्यांनी जागा थोडी बदलली, पुन्हा जोर लावला, आणि तो एक इंची प्लास्टिकच्या गॅस पाइपात घुसला. गॅसचा वास आला, आवाज आला. पण गॅस कंपनीला आणि अग्निशमन दलाला कळायला बराच वेळ गेला. पाइप फुटल्यापासून साधारण ३९ मिनिटांनी स्फोट झाला. चार माणसे मेली, अकरा जखमी झाली, सहा इमारती उद्ध्वस्त झाल्या. तपास मंडळाने मूळ कारण नोंदवले ते असे: नांगर अडला तेव्हा काय करायचे, याची ठेकेदाराकडे पद्धतच नव्हती. आणि निरोप उशिरा गेल्याने हानी वाढली, असेही मंडळाने म्हटले.

आडाख्याचे ५ मीटर आणि प्रत्यक्षातल्या सहा इमारती, यांचा मेळ कसा लावायचा? तो आडाखा गॅस उघड्यावर पेटला तर काय, एवढेच सांगतो. सेंट क्लाउडमध्ये गॅस उघड्यावर पेटला नाही. तो जमिनीतून वाट काढत इमारतीत शिरला, बंद जागेत साठला आणि मग त्याला ठिणगी मिळाली. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका आहे, त्यामुळे मोकळ्यावर तो वर निघून जातो, हे खरे. पण वर जायला वाट असेल तर. वरून काँक्रीटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉकचा फूटपाथ असेल, तर गॅस आडवा पळतो. ड्रेनेजची लाइन, केबलचा पाइप, जुन्या खोदकामातली भुसभुशीत भर या त्याच्या वाटा. त्या वाटा थेट घराच्या जोत्यापर्यंत, बाथरूमच्या जाळीपर्यंत, तळघरातल्या मीटररूमपर्यंत जातात. नाशिकचे रस्ते एकामागून एक काँक्रीटचे होत आहेत. रस्ता टिकाऊ होतो, पण खालच्या गॅसवर झाकणही बसते.

हवेत हा वायू साधारण ५ ते १५ टक्के असला तर ठिणगीने पेटतो. दहा बाय दहाच्या खोलीत, दहा फूट उंची धरली, तर सुमारे २८ घनमीटर हवा असते. म्हणजे दीड घनमीटरहूनही कमी गॅस त्या खोलीत शिरला, की ती खोली स्फोटाच्या टप्प्यात येते. ४ बारचा एक इंची पाइप पूर्ण तुटला, तर इतका गॅस काही सेकंदांत बाहेर पडतो. त्यातला थोडासाच भाग घरात शिरतो हे खरे, पण हातात मिनिटे असतात, तास नसतात. एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात आणि चारही बाजूंना भिंतीला भिंत लागलेली असते, अशा वस्तीत या हिशेबाचा अर्थ काय होतो, ते आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून अंतर ठरवताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. उघड्यावर किती लांब उभे राहायचे, हा एक. कोणकोणती घरे रिकामी करायची, हा दुसरा. पाइप कोणता आणि दाब किती हे कुणालाच माहीत नसते, अशा पहिल्या काही मिनिटांसाठी आंतरराष्ट्रीय आपत्ती मार्गदर्शिकेतला आकडा सोपा आहे: ज्वलनशील वायूची गळती असेल, तर सर्व बाजूंनी १०० मीटर जागा मोकळी करा. मोठी गळती असेल तर वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला ८०० मीटरपर्यंत माणसे हलवण्याचा विचार करा. शंभर मीटर म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे पावले. हे अंतर खड्ड्यापासून मोजायचे, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने किंवा आडवे चालत जायचे. धूळ किंवा झेंडा बघितला तरी वारा कळतो.

घरांचा प्रश्न मात्र पावलांनी सुटत नाही. तिथे गॅस मोजणारे यंत्र लागते. अग्निशमन दलाने किंवा गॅस कंपनीच्या माणसाने खड्ड्याभोवती घुटमळण्याऐवजी आधी दोन्ही बाजूंच्या घरांच्या उंबऱ्यात, ड्रेनेजच्या झाकणांत आणि तळमजल्यावर यंत्र धरले पाहिजे. कोणत्याही घरात आत गॅस सापडला, तर ते घर आणि त्याच्या पलीकडचे घरही रिकामे करायचे, आणि शून्य दाखवणारे घर लागेपर्यंत तसेच पुढे जात राहायचे. फक्त नाकावर विसंबून चालत नाही. गॅसला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम मिसळलेला पदार्थ मातीतून जाताना काही वेळा शोषला जातो, म्हणजे गॅस घरात येतो आणि वास मागे मातीत राहतो.

लवकर हललेली माणसे वाचतात याचा पुरावाही आहे. विस्कॉन्सिनमधील सन प्रेअरी गावात १० जुलै २०१८ च्या संध्याकाळी ठेकेदाराच्या खोदकामात मुख्य गॅस पाइप फुटला. तिथे खूण करणाऱ्या यंत्रणेकडून पाइपाची खूणच राहून गेली होती. अग्निशमन दलाने ताबडतोब दारोदार जाऊन शंभरहून अधिक लोकांना बाहेर काढले. पाऊण तासाच्या सुमारास स्फोट झाला, चौकातल्या इमारती कोसळल्या. रहिवासी एकही दगावला नाही. लोकांना बाहेर काढणारा दलाचा एक कॅप्टन मात्र त्यात गेला. सेंट क्लाउड आणि सन प्रेअरी, दोन्हीकडे हातात वेळ जवळपास तितकाच होता. फरक पडला तो त्या वेळेत काय केले याने.

खड्ड्यावर प्रत्यक्ष काय करायचे, तेही सांगायला हवे, कारण चालक आणि मजूर यांना हे कुणी सांगत नाही. बकेट अडकली असेल तर ती ओढून काढायची नाही, ओढल्याने पाइप आणखी फाटतो. जमले तर इंजिन बंद करून चालकाने उतरून निघून जायचे. गॅस हवेसोबत इंजिनमध्ये ओढला गेला तर डिझेल इंजिन चावी बंद करूनही सुसाट चालत राहू शकते. तसे झाले तर त्याच्या नादी लागायचे नाही. खड्ड्यातले मजूर आधी वर आले पाहिजेत. भोकावर माती लोटायची नाही, चिंध्या कोंबायच्या नाहीत, पाइप वाकवून बांधायचा नाही. माती लोटली की आवाज थांबतो, मुकादमाला बरे वाटते, आणि गॅस वर जायचा सोडून घरांकडे वळतो. शिवाय प्लास्टिकच्या पाइपावर गॅसच्या जोराने स्थिर वीज साठते, हात लावणाऱ्याच्या बोटातूनच ठिणगी उडू शकते. पाइप दाबून बंद करण्याचे साधन कंपनीच्या पथकाकडे असते, आणि ते पथकही आधी व्हॉल्व्ह बंद करता येतो का ते बघते.

गॅस पेटलाच असेल तर ज्योत विझवायची नाही. जळणारा गॅस दिसतो आणि तिथेच संपतो. विझवलेला गॅस दिसत नाही आणि पसरतो. अग्निशमन दल अशा वेळी आजूबाजूच्या भिंतींवर आणि वाहनांवर पाणी मारते आणि व्हॉल्व्ह बंद होण्याची वाट बघते. बघ्यांना ते निष्काळजीपणाचे वाटते, पण तेच बरोबर आहे.

फोन शंभर मीटर लांब गेल्यावर करायचा: १०१ किंवा ११२, आणि पिवळ्या खांबावरचा कंपनीचा नंबर. आधी ठेकेदाराला, मग ठेकेदाराने साहेबाला, मग साहेबाने कंपनीला, ही साखळी सेंट क्लाउडच्या वाटेने जाते. दंड होईल, बिल अडकेल, या भीतीने मुकादम गप्प बसतो हे आपण सगळे जाणतो. म्हणून वस्तीतल्या कुणीही फोन करावा, परवानगीची वाट बघू नये.

लोकांना उठवायला दार ठोठावायचे, बेल दाबायची नाही. दिवा लावायचा नाही आणि लागलेला विझवायचाही नाही, कारण बटण दोन्ही वेळा ठिणगी टाकते. दुचाकी घरासमोर लावलेली असेल तर ती तिथेच सोडायची. विहाराच्या किंवा मंडळाच्या भोंग्यावरून सूचना द्यायची असेल, तर ती जागा शंभर मीटरच्या बाहेर आहे ना, हे आधी बघावे. आत असेल तर त्या भोंग्याचे बटणच नको. अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस कोणत्या घरात आहे, रात्रपाळी करून दिवसा कोण झोपलेले असते, हे अग्निशमन दलाला माहीत नसते. वस्तीतल्या चार माणसांना ते माहीत असते, आणि ती चार माणसे हद्दीवर दलाला भेटली पाहिजेत.

एक प्रकार असा आहे ज्यात आवाजही होत नाही आणि वासही येत नाही. बकेटचा दात पोलादी मुख्य वाहिनीला घासून जातो, पाइप फुटत नाही, फक्त ओरखडा पडतो. चालक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि खड्डा बुजवला जातो. बेल्जियममधील गिलेंगीन येथे असेच झाले. बांधकामाच्या यंत्राने मोठ्या गॅसवाहिनीला इजा झाली होती, ती कळवली गेली नाही. काही आठवड्यांनी, ३० जुलै २००४ रोजी, वाहिनीतला दाब वाढवला गेला तेव्हा त्याच जागी ती फाटली. २४ माणसे मेली, शंभरहून अधिक जखमी झाली. म्हणून फुटला नाही तरी कळवायचे. कंपनी पाइप उघडून बघते, ओरखड्याची खोली मोजते, लागलाच तर तुकडा बदलते. ओरखडा कळवणाऱ्या चालकाची मजुरी कापली जाणार नाही, हे ठेक्याच्या करारातच लिहिलेले असले पाहिजे. तसे कलम नाशिकच्या किती निविदांत आहे, हे महापालिकेने जाहीर करावे, आम्ही ते छापू.

शेवटचा मुद्दा परत येण्याचा. आवाज थांबला, व्हॉल्व्ह बंद झाला, गाडी निघाली, की लोक घराकडे वळतात. पण तोपर्यंत जमिनीत मुरलेला गॅस काही तास तिथेच असू शकतो आणि हळूहळू वर येत राहतो. पथकाने घराच्या भिंतीलगत जमिनीत भोके पाडून आत यंत्र धरले का, ड्रेनेजचे झाकण उघडून मोजले का, तळमजल्यावरची प्रत्येक खोली बघितली का, हे विचारून मगच आत जावे. आत गेल्यावर आधी खिडक्या-दारे उघडावीत, बटणे नंतर. आणि घरातला गॅस पुन्हा सुरू करण्याचे काम कंपनीच्या माणसाचे आहे. पुरवठा तुटला तेव्हा कुणाच्या घरी शेगडीची कळ उघडी राहिली असेल, तर गॅस परत येताच तो त्या उघड्या शेगडीतून घरात भरू लागतो. म्हणून प्रत्येक घरातली कळ बंद आहे हे बघितल्याशिवाय इमारतीचा व्हॉल्व्ह उघडायचा नसतो.